दापोडीच्या पुलाजवळची पवना: आलेखाच्या फोटोखालच्या छोट्या तक्त्यातून नवा आलेख कसा काढायचा?

पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या सीमेवर, दापोडीजवळ पवना नदी मुळेला मिळते. तिथून जवळच जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचा हॅरिस पूल आहे. एका टोकाला बोपोडी, म्हणजे पुणे महापालिका, आणि दुसऱ्या टोकाला दापोडी, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका. पाण्याला फेस आला किंवा जलपर्णी वाढली की या भागातले फोटो सोशल मीडियावर फिरायला लागतात. त्यांच्या सोबत अनेकदा एक आलेखही येतो. एखाद्या अहवालाच्या पानाचा स्क्रीनशॉट, वर रंगीत रेषा आणि खाली बारीक अक्षरात आकड्यांचा तक्ता.

मग कमेंटमध्ये वाद सुरू होतो. एक जण म्हणतो नदी सुधारली, दुसरा म्हणतो बिघडली. दोघेही तोच आलेख दाखवतात.

हा वाद मिटवायचा एक साधा मार्ग त्याच फोटोत असतो, तो म्हणजे खालचा तक्ता. रेषेकडे पाहून अंदाज बांधण्यापेक्षा ते आकडे उचलून महिन्यांच्या क्रमाने लावले, तर नवा आलेख काढता येतो. काम अर्ध्या तासाचं आहे, पण त्यात तीन-चार जागा अशा आहेत जिथे निष्कर्षच उलटा होऊ शकतो.

आकडे येतात कुठून?

राष्ट्रीय जल गुणवत्ता निरीक्षण कार्यक्रमाखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्यातल्या नद्यांच्या ठरलेल्या ठिकाणी पाण्याचे नमुने घेतं. दापोडी पुलाजवळ, पवना-मुळा संगमाशी असंच एक ठिकाण आहे. त्याच्या जवळच मुळेवर हॅरिस पुलाशी दुसरं ठिकाण आहे. नावं सारखी वाटतात म्हणून या दोघांची सरमिसळ फार सहज होते. आलेख हातात आला की आधी शीर्षकात नदी कोणती आणि ठिकाण कोणतं, हे वाचायचं. एका वर्षाचा आलेख पवनेचा आणि दुसऱ्या वर्षाचा मुळेचा असेल, तर ते एकाच रेषेत जोडता येत नाहीत.

या लेखात बीओडी हे मोजमाप घेऊ. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात, ते बीओडी सांगतो. आकडा जितका मोठा, तितकं पाणी खराब. एकक असतं मिलिग्रॅम प्रति लिटर. नदीत आंघोळ करता येईल असं पाणी हवं असेल, तर बीओडी ३ किंवा त्याहून कमी असावा असा देशातला निकष आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रदूषित नदीपट्ट्यांची वर्गवारी करतं, तीही याच आकड्यावर. ३० च्या वर गेला तर सर्वात वाईट, म्हणजे पहिला प्राधान्य वर्ग.

(काही अहवालांत बीओडीऐवजी जल गुणवत्ता निर्देशांकाचा आलेख असतो. तिथे गणित उलटं आहे, मोठा आकडा म्हणजे चांगलं पाणी. रेषा वर गेली म्हणून आनंद करायचा की काळजी, हे त्यावर ठरतं.)

तक्ता कसा दिसतो?

एक्सेलमध्ये आलेख काढताना `Data Table` हा पर्याय निवडला की आलेखाच्या खाली, महिन्यांच्या नावांना जोडूनच, आकड्यांच्या ओळी येतात. सरकारी अहवालांत ही पद्धत बरीच दिसते. प्रत्येक वर्षाची एक ओळ, ओळीच्या सुरुवातीला त्या रेषेचा रंग.

खालचा तक्ता त्याच धर्तीचा आहे. यातले आकडे सरावासाठी बनवलेले आहेत, दापोडीचं प्रत्यक्ष मोजमाप नाही. खरा तक्ता हातात आला की हेच सगळं त्यावर करायचं.

| वर्ष | एप्रि | मे | जून | जुलै | ऑग | सप्टें | ऑक्टो | नोव्हें | डिसें | जाने | फेब्रु | मार्च |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| २०२१-२२ | १८ | २२ | १४ | ६.५ | ५ | ५.५ | ८ | ११ | | १४ | १६ | २० |
| २०२२-२३ | २१ | २४ | १७ | ६ | ५.५ | ६ | ९ | १२ | १३ | १५ | १८ | २१ |

मूळ आलेखात यातून दोन रेषा निघतात, एकमेकींवर ठेवलेल्या. दोन्ही उन्हाळ्यात उंच, पावसाळ्यात खाली. आपल्याला मात्र एकच सलग रेषा हवी आहे, एप्रिल २०२१ ते मार्च २०२३.

आधी आकडे नीट वाचा

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बहुतेक वेळा दाबून लहान झालेला असतो. शक्य असेल तर अहवालाची मूळ पीडीएफ शोधा. तिच्यात आलेख चित्र म्हणून असला तरी तो मोठा करून वाचता येतो. फोटोतून आकडे आपोआप उचलणारी साधनं फोनमध्ये असतात, पण २४ आकड्यांसाठी हाताने टाइप करणंच बरं. मशीन बारीक छपाईत ३ चा ८ करतं, ५ चा ६ करतं आणि सगळ्यात जास्त वेळा दशांश चिन्ह गिळतं.

हे चिन्ह किती महाग पडतं ते पाहा. जुलै २०२१ चा आकडा ६.५ आहे. टिंब न दिसल्यामुळे तो ६५ टाइप झाला, तर पहिल्या वर्षाची सरासरी १२.७ वरून थेट १८.० होते. दुसऱ्या वर्षाची सरासरी १४.० आहे. म्हणजे प्रत्यक्षात पाणी खराब झालेलं असताना तुमचा आलेख सांगेल की नदी सुधारली. एका टिंबामुळे बातमी उलटी.

अशी शंका आली की वरचं चित्र उपयोगी पडतं. रेषेवरचा तो बिंदू आणि तक्त्यातला आकडा एकच गोष्ट सांगतात, त्यामुळे एकावरून दुसरा तपासता येतो. फोटो कोणत्याही साध्या चित्रसंपादन ॲपमध्ये उघडा. कर्सर नेला की तिथे पिक्सेलचा आकडा दिसतो, आणि तो वरून खाली मोजलेला असतो. समजा उभ्या अक्षावर ० ची रेघ ४०० व्या पिक्सेलवर आहे आणि ३० ची रेघ १०० व्या. म्हणजे ३०० पिक्सेलमध्ये ३० एकक, एका एककाला १० पिक्सेल. जुलैचा बिंदू ३३५ व्या पिक्सेलवर आहे.

```
(400 - 335) * 30 / 300 = 6.5
```

६५ असता तर बिंदू आलेखाच्या बाहेरच गेला असता. ६.५ की ६.३ एवढा बारीक फरक मात्र या पद्धतीने ठरवता येईलच असं नाही. फोटो धूसर असेल तर दोन-तीन पिक्सेलची चूक सहज होते, म्हणजे ०.२ ते ०.३ एककांची. त्यामुळे आकडा तक्त्यातूनच घ्यायचा आणि पिक्सेल फक्त पडताळणीला वापरायचे.

जानेवारी कोणत्या वर्षातला?

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा.

तक्त्यातली ओळ २०२१-२२ अशी आहे आणि महिने एप्रिलपासून सुरू होतात. हे आर्थिक वर्ष आहे. म्हणजे त्या ओळीतले जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हे २०२२ चे महिने आहेत. घाईत माणूस पूर्ण ओळीला २०२१ लावून टाकतो. मग तारखेप्रमाणे क्रम लावला की जानेवारी ते मार्चचे तीन आकडे उडी मारून एप्रिलच्या आधी जाऊन बसतात, प्रत्यक्षाच्या पूर्ण एक वर्ष आधी.

वाईट गोष्ट अशी की ही चूक डोळ्याला दिसत नाही. सरावाच्या तक्त्यात मार्चचा आकडा २० आहे आणि एप्रिल २०२१ चा १८. चुकून ते शेजारी आले तरी रेषा अगदी नैसर्गिक वाटते, कारण दोन्ही उन्हाळ्याचेच महिने. महिनेही २४ च भरतात. चूक पकडायची एकच खूण आहे, शेवटची तारीख. ती मार्च २०२३ यायला हवी. डिसेंबर २०२२ आली, तर वर्ष चुकलं आहे.

म्हणून महिन्यांची नावं हाताने टाइप करू नयेत. पहिल्या रकान्यात फक्त पहिली तारीख द्यायची आणि पुढच्या तारखा शीटला काढायला लावायच्या. A2 मध्ये पहिली ओळ, A3 मध्ये दुसरी, आणि A3 खाली ओढत A25 पर्यंत न्यायची.

```
=DATE(2021,4,1)
=EDATE(A2,1)
```

`EDATE` दर वेळी एक महिना पुढे जातं आणि डिसेंबरनंतर वर्ष आपोआप बदलतं. तारखेऐवजी ४४३१७ असा काही आकडा दिसला तर घाबरू नका, रकान्याचं फॉरमॅट तारीख करा. पहिली तारीख साधी 1/4/2021 अशी टाइप न करण्याचंही कारण आहे. फोनची किंवा संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल, तर ती १ एप्रिलऐवजी ४ जानेवारी समजली जाते.

तारखा झाल्या की आकडे. तक्ता जसाच्या तसा आडवा टाइप करून घ्या. मग पहिल्या वर्षाचे १२ रकाने कॉपी करा, B2 वर जाऊन `Paste Special` मधला `Transpose` निवडा. आडवी ओळ उभी होते. दुसऱ्या वर्षाची ओळ त्याच पद्धतीने B14 पासून. हेच काम एका फटक्यात करणारं `TOCOL` नावाचं सूत्रही आहे, पण एक्सेलमध्ये ते रिकाम्या घराचं शून्य करतं. आणि रिकामं घर हीच आपली पुढची अडचण आहे.

रिकामं घर म्हणजे शून्य नव्हे

डिसेंबर २०२१ चं घर रिकामं आहे. त्या महिन्यात नमुना घेतला गेला नसेल, किंवा निकाल आला नसेल. कारण काहीही असो, तिथे शून्य लिहायचं नाही. बीओडी शून्य म्हणजे पाण्यात कुजण्यासारखं काहीच नाही. संगमाजवळच्या पाण्यासाठी हा दावा कोणी गंभीरपणे करणार नाही.

हिशेब करून पाहू. पहिल्या वर्षाच्या ११ आकड्यांची बेरीज १४० येते. ११ ने भागलं तर सरासरी १२.७. डिसेंबरला शून्य धरून १२ ने भागलं तर ११.७. आता दोन वर्षांची तुलना करा. शून्य धरलं तर सरासरी ११.७ वरून १४.० झाली, म्हणजे जवळपास २० टक्के वाढ. डिसेंबर दोन्ही वर्षांतून वगळून समान ११ महिने घेतले, तर १२.७ वरून १४.०, म्हणजे साधारण १० टक्के. एका रिकाम्या घराने बिघाड दुप्पट दाखवला.

इथे एक बारकावा आहे. डिसेंबर फक्त ज्या वर्षात रिकामा आहे तिथूनच नव्हे, दोन्ही वर्षांतून काढायचा. सरावाच्या आकड्यांत त्याने फारसा फरक पडत नाही, पण रिकामा महिना ऑगस्ट किंवा मे असता तर पडला असता. पावसाळ्याचा एक कमी आकडा गायब झाला की उरलेल्या वर्षाची सरासरी उगाच वर जाते.

काही तक्त्यांत रिकाम्या घराऐवजी बीडीएल लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ आहे, प्रमाण इतकं कमी की प्रयोगशाळेच्या पद्धतीला मोजता आलं नाही. म्हणजे मोजमाप झालं आहे, रिकाम्या घरासारखं हुकलेलं नाही. पण ही अक्षरं तशीच शीटमध्ये टाइप केली तर एक्सेलचा रेषालेख ती शून्यावर नेऊन ठेवतो. त्या महिन्याचं घर रिकामं ठेवून आलेखाखाली टीप देणं सोपं आणि सरळ. अशी घरं बरीच असतील तर मात्र टीप पुरत नाही, कारण तुम्ही नेमके स्वच्छ महिने वगळत असता. तेव्हा मोजमापाची किमान मर्यादा अहवालात शोधून ते बिंदू त्या मर्यादेवर, वेगळ्या खुणेने दाखवावे लागतात.

आता आलेख

दोन्ही रकाने निवडा आणि रेषालेख काढा. डिसेंबर २०२१ च्या जागी रेषा तुटलेली दिसायला हवी. एक्सेलमध्ये ती खाली शून्याला टेकली किंवा सलग जोडली गेली, तर चार्टवर राइट क्लिक करून `Select Data`, मग `Hidden and Empty Cells` आणि तिथे `Gaps` निवडा. तुटलेली रेषा दिसायला जरा ओबडधोबड वाटते. तरी ती तशीच ठेवावी.

उभा अक्ष शून्यापासून सुरू करा आणि ३ वर एक आडवी रेघ मारा. या एका रेघेने आलेखाचा सूरच बदलतो. सरावाच्या आकड्यांत २३ पैकी एकही महिना या रेघेच्या खाली जात नाही, ऐन ऑगस्टमध्येसुद्धा नाही. मूळ चित्रात दोन वर्षांच्या रेषा एकमेकींवर असल्यामुळे सगळं लक्ष कोणती रेषा वर आहे याकडे जातं. दोन्हीही निकषाच्या बऱ्याच वर आहेत, हे निसटतं.

रेषा गुळगुळीत करणारा पर्याय बंद ठेवा. गुळगुळीत केलेली रेषा वळणावर प्रत्यक्ष बिंदूच्याही वर किंवा खाली जाते आणि कुणीही न मोजलेले आकडे दाखवते. शिवाय प्रत्येक महिन्यावर ठळक ठिपका असू द्या. कारण हा आकडा महिन्याची सरासरी नसतो. महिन्यातून एकदा, एका दिवशी भरलेल्या नमुन्याची ती चाचणी असते. आदल्या रात्री पाऊस झाला असेल किंवा सांडपाणी सोडलं गेलं असेल, तर त्या दिवशीचा आकडा वेगळा येतो. दोन ठिपक्यांच्या मधली रेघ केवळ डोळ्याच्या सोयीसाठी असते, त्या तीस दिवसांत काय झालं ते तिला माहीत नसतं.

टाइप करण्यात चूक झाली का, हे पाहायची शेवटची युक्ती अशी. त्याच आकड्यांतून एकदा मूळ आलेखासारखाच, दोन रेषांचा आलेख काढा आणि तो मूळ फोटोशेजारी ठेवा. वळणं, शिखरं आणि दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्या जागा जुळल्या पाहिजेत. सरावाच्या तक्त्यात अशी छेदाची जागा जून आणि जुलैच्या मध्ये आहे. तिथे २०२२-२३ ची रेषा वरून खाली येते आणि ऑगस्टआधी पुन्हा वर जाते. तुमच्या आलेखात ती गाठ दिसली नाही, तर जुलैच्या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहा.

मग नदी सुधारली की बिघडली?

आता पुन्हा त्या कमेंटकडे. ‘मे महिन्यात २२ असलेला बीओडी ऑगस्टमध्ये ५ वर आला, प्रदूषण ७७ टक्के घटलं,’ असं कुणी लिहिलं, तर गणित बरोबर आहे. पण मे आणि ऑगस्टच्या मध्ये पावसाळा आहे. मावळातून आलेलं पाणी रावेत, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी असं वाहत दापोडीला पोचतं तेव्हा शहराचं सांडपाणी तेवढंच असतं, फक्त त्यात पाणी भरपूर मिसळलेलं असतं. ऑक्टोबरपासून रेषा पुन्हा चढते ती याच कारणाने.

म्हणून तुलना त्याच महिन्याशी करायची. मे २०२१ मध्ये २२, मे २०२२ मध्ये २४. ऑगस्टमध्ये ५ आणि ५.५. सरावाच्या तक्त्यात तुलना करता येणाऱ्या ११ महिन्यांपैकी १० महिन्यांत दुसऱ्या वर्षीचा आकडा जास्त आहे, फक्त जुलैत कमी. ‘सरासरी इतकी वाढली’ यापेक्षा हे वाक्य जास्त भक्कम आहे, कारण एखाद्या विचित्र नमुन्याने ते हलत नाही.

तरीही किती ताणायचं याला मर्यादा आहे. तक्त्यातले आकडे छापताना बऱ्याचदा पूर्णांकात केलेले असतात. ६.५ आणि ६ हे आकडे तसे छापले तर ७ आणि ६ दिसतात, म्हणजे अर्ध्या एककाची घट एका एककाची होते. ५ आणि ५.५ चे ५ आणि ६ होतात. पूर्णांकी तक्ता असेल तर एका एककाच्या फरकावर काहीच लिहू नये, आणि टक्केवारी तर मुळीच काढू नये. दोन वर्षांच्या आकड्यांवरून ‘कल’ हा शब्दही वापरता येत नाही. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला तरी एवढा फरक पडतो. त्यासाठी मागच्या वर्षांचे अहवाल शोधून आणखी ओळी जोडाव्या लागतात आणि दर वेळी ठिकाणाचं नाव, एकक आणि वर्षाची सुरुवात कोणत्या महिन्यापासून आहे, हे नव्याने पाहावं लागतं.

नवा आलेख पोस्ट करताना त्याच्याखाली अहवालाचं नाव, वर्ष, पान क्रमांक आणि नमुन्याचं ठिकाण लिहा. ‘डिसेंबर २०२१ चा आकडा तक्त्यात नाही’ हेही लिहा. आणि शीट सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवून तिची लिंक द्या, म्हणजे ज्याला आकडा पटणार नाही त्याला ते घर उघडून पाहता येईल.